पैठणीचा लाल रंग आणि वेबपीचा क्वालिटी आकडा

येवल्यात पैठणी विणणाऱ्या एका कुटुंबाची छोटी वेबसाइट मी सांभाळतो. एका साडीच्या पानावर आठ फोटो होते, फोनमधून काढलेले आणि जसेच्या तसे चढवलेले. प्रत्येक फोटो साधारण साडेचार एमबीचा, म्हणजे ते एक पान उघडायला छत्तीस-सदतीस एमबी लागत. गिऱ्हाईक दुकानात उभं राहून मोबाइल डेटावर पान उघडायचं आणि पहिला फोटो वरून खाली सरकत येईपर्यंत कंटाळून फोन खिशात टाकायचं.

फोटो वेबपी या लहान फाइलीच्या प्रकारात बदलायचे हे ठरलेलंच होतं. पण पहिल्या झटक्यात सगळे फोटो एकाच सेटिंगवर बदलले, तेव्हा विणकर काकूंनी एका नजरेत चूक दाखवली. “हा काठ पुसल्यासारखा का दिसतोय? आमच्या साडीत पोपटाची चोच स्पष्ट आहे.” त्यांचं बरोबर होतं. फाइल लहान झाली होती आणि पोपट हरवला होता. त्या एका साडीचा फोटो पुन्हा नीट बदलताना जे केलं, तेच इथे क्रमाने सांगतो.

वेबपी हा प्रकार गूगलने २०१० साली आणला. व्हीपी८ नावाच्या व्हिडिओ पद्धतीत एक स्थिर चौकट जशी दाबली जाते, तसाच वेबपीत फोटो दाबला जातो. व्हिडिओतून आल्यामुळे त्याच्या काही सवयीही व्हिडिओच्याच आहेत, आणि पैठणीच्या लाल रंगाचा घोळ त्यातूनच होतो. वेबपीचा दुसरा, काहीही न गमावणारा प्रकारही आहे. तो लोगो आणि स्क्रीनशॉटसाठी चांगला, फोटोसाठी मात्र फाइल फार मोठी होते. इथे जे सांगतोय ते पहिल्या, म्हणजे थोडं गमावून लहान होणाऱ्या प्रकाराबद्दल.

आधी मूळ फोटो हातात घ्या

फोटो व्हॉट्सअॅपवरून आला असेल तर तिथेच थांबा. पाठवताना तो एकदा दाबला गेलेला असतो. अशा फोटोत कडांभोवती बारीक डाग आणि चौकोन आलेले असतात, आणि वेबपी त्या डागांनाच तपशील समजून जपायला जातो. फाइल फारशी लहान होत नाही आणि फोटो मात्र आणखी बिघडतो. ओळखायला सोपं आहे. अँड्रॉइडवर अशा फाइलच्या नावात `WA` अक्षरं असतात आणि फोटोची रुंदी-उंची फोनच्या कॅमेऱ्यापेक्षा बरीच कमी असते. मूळ फोटो मागवायचा तर व्हॉट्सअॅपमध्येच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा किंवा गूगल ड्राइव्हवर टाकायला सांगा. आयफोनवरून `.heic` फाइल आली तर ती आधी जेपीईजी करून घ्यावी लागेल, कारण आपण वापरणार आहोत ती साधनं ती वाचतीलच असं नाही.

माझ्या हातात आलेला फोटो ३००० × ४००० पिक्सेलचा होता, ४.६ एमबीचा. गडद लाल अंग, काठाला बाटली-हिरव्या रंगाचे पोपट, मधून जर, आणि मागे मोतिया रंगाची रिकामी भिंत. एकाच फोटोत वेबपीच्या तिन्ही परीक्षा होत्या, म्हणून शिकायला हाच घेतला.

साधनं दोन लागतात. एक `cwebp`, म्हणजे वेबपी बनवणाऱ्यांचंच कमांड चालवायचं साधन, आणि दुसरं फोटो लहान-मोठा करणारं इमेजमॅजिक. उबुंटूवर `sudo apt install webp imagemagick` आणि मॅकवर `brew install webp imagemagick` एवढं पुरतं. विंडोजसाठी दोन्ही त्यांच्या अधिकृत साइटवरून उतरवता येतात. कमांड लिहायची भीती वाटत असेल तर ब्राउझरमध्ये `squoosh.app` उघडा. फोटो तुमच्याच कॉम्प्युटरवर बदलला जातो, आणि मधली पट्टी डावी-उजवी सरकवून आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी-शेजारी बघता येतो. एकदोन फोटोंना तेवढं पुष्कळ झालं.

पिक्सेल कमी करा, क्वालिटीला नंतर हात लावा

नवीन माणूस सगळ्यात आधी क्वालिटीची पट्टी खाली ओढतो. खरा भार मात्र पिक्सेलचा असतो. ३००० × ४००० म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. पानावर साडीचा फोटो जितका मोठा दिसतो त्याला एवढे लागतच नाहीत.

किती लागतात हे मोजा. आमच्या पानावर कॉम्प्युटरवर फोटो ६०० पिक्सेल रुंद दिसतो. फोनवर तो पडद्याभर, म्हणजे ब्राउझरच्या हिशेबाने ३६० ते ४१२ पिक्सेल रुंद असतो. पण आजच्या बऱ्याच फोनच्या पडद्यावर ब्राउझरच्या एका पिक्सेलच्या रुंदीत खरे तीन ठिपके बसतात. म्हणून ४०० गुणिले ३ म्हणजे सुमारे १२०० ठिपके. कॉम्प्युटरचा पडदा दुप्पट दाट असला तरी ६०० चे १२००च. दोन्हीकडून १२०० हाच आकडा आला, म्हणून फोटो १२०० × १६०० केला. पिक्सेल १९ लाख २० हजार झाले, म्हणजे मूळच्या सहाव्या हिश्श्याहून कमी, आणि डोळ्याला काहीही कमी पडलं नाही.

```
magick paithani.jpg -auto-orient -resize 1200x paithani-1200.png
```

तुमच्याकडे इमेजमॅजिकची जुनी आवृत्ती असेल तर `magick` च्या जागी `convert` लिहा. फक्त विंडोजवर तसं करू नका, तिथे `convert` नावाचा सिस्टिमचा वेगळाच प्रोग्रॅम आहे.

या ओळीतला `-auto-orient` विसरू नका. फोन आडवा-उभा धरला तरी कॅमेरा पिक्सेल बहुधा एकाच दिशेने साठवतो आणि ‘हा फोटो फिरवून दाखवा’ अशी एक चिठ्ठी फाइलमध्ये ठेवतो. `cwebp` सांगितल्याशिवाय कुठलीच चिठ्ठी पुढे नेत नाही, मग उभी साडी पानावर आडवी पडते. `-auto-orient` पिक्सेलच सरळ करून टाकतो. `cwebp` मध्ये चिठ्ठ्या गळण्याचा एक फायदाही आहे. फोटो कुठे काढला ते ठिकाणही त्याच चिठ्ठ्यांमध्ये असतं, तेही गळून जातं. विणकराच्या घराचा पत्ता फोटोतून जगाला देण्याचं काही कारण नाही.

मधली फाइल पीएनजी ठेवली, जेपीईजी नाही. पीएनजीत काही गमावत नाही, म्हणून फोटो दाबला जातो तो फक्त शेवटी आणि एकदाच. ही फाइल मोठी होते, काळजी नको, ती साइटवर जात नाही.

एकाच फोटोच्या सहा प्रती काढा

‘वेबपीला ८० ठेवा’ असे सल्ले सगळीकडे मिळतात. तुमच्या फोटोला तो आकडा बसतो की नाही, हे बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून एकाच फोटोच्या वेगवेगळ्या क्वालिटीच्या प्रती काढायच्या.

```
for q in 60 70 75 80 85 90; do
  cwebp -preset photo -quiet -q $q -m 6 -metadata icc \
    paithani-1200.png -o paithani-q$q.webp
done
```

हे लिनक्स आणि मॅकसाठी झालं. विंडोजवर `\` काढून `cwebp` ची कमांड एकाच ओळीत लिहा, आणि `$q` च्या दोन्ही जागी आकडा घालून ती सहा वेळा चालवली तरी तेच काम होतं.

यातले महत्त्वाचे शब्द कशासाठी ते सांगतो. `-q` म्हणजे क्वालिटीचा आकडा. `-preset photo` सगळ्यांच्या आधीच लिहायचा, कारण तो एकदम बरीच सेटिंग बदलतो आणि नंतर लिहिला तर तुमची आधीची सेटिंग पुसून टाकतो. वेबपी दाबताना पडलेले चौकोन झाकायला फोटोवरून एक गुळगुळीत हात फिरवतो. त्या हाताचा जोर नेहमी ६० असतो, `photo` मुळे तो ३० होतो. कापडाच्या विणीला हा फरक जाणवतो. `-m 6` म्हणजे सावकाश कर पण नीट कर. फोटोमागे क्षणभर जास्त लागतो, फाइल थोडी लहान होते.

`-metadata icc` हा रंगासाठी आहे. नव्या आयफोनचे आणि काही अँड्रॉइड फोनचे फोटो नेहमीपेक्षा जास्त व्यापक रंगपट्ट्यात असतात, आणि आकडे कुठल्या पट्ट्यातले आहेत याची नोंद फाइलमध्ये असते. ती नोंद गळली तर ब्राउझर तेच आकडे साध्या पट्ट्यातले समजतो आणि लाल रंग फिका, विटका दिसतो. रंग उतरल्यासारखा दिसला तर क्वालिटी वाढवत बसू नका, आधी हे तपासा. साडी विकणाऱ्याला हा दोष परवडत नाही. घरी पोचलेली साडी पडद्यावरच्या रंगाची नसेल तर ती परत येते.

माझ्या फोटोच्या फाइली अशा आल्या: ६० ला १९० केबी, ७० ला २१८, ७५ ला २३५, ८० ला २९०, ८५ ला ३६५ आणि ९० ला ४९०. तुमचे आकडे वेगळे येतील, रिकाम्या आभाळाच्या फोटोला याच्या पावपटही लागत नाही. पण आकडे कसे चढतात ते बघा. ६० पासून ७५ पर्यंत पंधरा पायऱ्यांत फक्त ४५ केबी वाढले. ७५ पासून ९० पर्यंतच्या पंधरा पायऱ्यांत मात्र फाइल दुपटीच्याही वर गेली.

हे केवळ या फोटोपुरतं नाही. वेबपीच्या आत क्वालिटीचा आकडा सरळ वापरत नाहीत, त्याचं एका सूत्राने रूपांतर होतं, आणि त्या सूत्राची रेघ बरोबर ७५ ला वाकते. ७५ च्या खाली एक पायरी उतरलात तर थोडंसंच वाचतं, वर एक पायरी चढलात तर चांगलेच केबी मोजावे लागतात. म्हणून ७५ वरून सुरुवात करायची. खाली जाऊन मिळणारी बचत इतकी किरकोळ असते की तिच्यासाठी फोटो बिघडवण्यात अर्थ नाही, आणि वर जायचं तर प्रत्येक पायरीला डोळ्याने काहीतरी दिसायला हवं. जेपीईजीच्या ७५ शी किंवा ८० शी या आकड्यांचं काही नातं नाही. दोन वेगळ्या पट्ट्या आहेत, एकीचा आकडा दुसरीत चालत नाही.

कुठे आणि कसं बघायचं

फोटो तीनशे टक्के मोठा करून बघितला तर प्रत्येक प्रत वाईट दिसेल आणि तुम्ही ९५ वर जाऊन बसाल. लहान चौकटीत बसवून बघितला तर ५० सुद्धा छान दिसेल. कॉम्प्युटरवर शंभर टक्क्यांवर बघा, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका ठिपक्यावर. मूळ पीएनजी एका टॅबमध्ये आणि वेबपी शेजारच्या टॅबमध्ये उघडा, आणि पटापट इकडून तिकडे जा. शेजारी-शेजारी ठेवून न दिसणारा फरक असं अदलाबदल केल्यावर लगेच हलतो. जिथे काही हललं तिथे नजर लावा.

मग तीच फाइल फोनवर, हातभर अंतरावर धरून बघा. कॉम्प्युटरवर हललेलं फोनवर दिसत नसेल आणि तुमचे बहुतेक गिऱ्हाईक फोनवरच येत असतील, तर तो दोष सोडून द्यायला हरकत नाही.

सगळा फोटो बघत बसायची गरज नसते. माझ्या फोटोत तीन जागा ठरवल्या: जरीचा भरगच्च भाग, लाल आणि हिरव्याची सीमा, आणि मागच्या भिंतीवरची सावली. जरीत ६० ला विणीचे धागे एकमेकांत मिसळून सोनेरी लोणी फासल्यासारखं दिसत होतं. ७५ ला धागे वेगळे झाले. ८० ला मूळ फोटोशी अदलाबदल करून फार निरखल्यावरच फरक सापडला, आणि ८५ ला ८० पेक्षा काहीच वेगळं दिसलं नाही. म्हणजे जरीपुरता ८० चा आकडा ठरला. पण पोपट ८० ला पुसट होता, ९० लाही पुसट आणि गंमत म्हणून १०० करून बघितला तर तिथेही थोडा पुसटच.

लाल-हिरव्याची रेघ

क्वालिटी कितीही वाढवली तरी जो दोष जात नाही, तो दाबण्यातून आलेलाच नसतो. तो रंगाच्या साठवणीतून आलेला असतो.

वेबपी फोटोचे दोन भाग करतो, उजेड आणि रंग. उजेड प्रत्येक पिक्सेलचा वेगळा साठवतो. रंग मात्र दोन गुणिले दोन अशा चार पिक्सेलमध्ये मिळून एकच साठवतो, कारण माणसाचा डोळा उजेडातला बारीक फरक टिपतो तितका रंगातला टिपत नाही. व्हिडिओत ही नेहमीची पद्धत आहे. जेपीईजीत हे बंद करता येतं, वेबपीच्या या प्रकारात येत नाही. बहुतेक फोटोंत कळतही नाही, कारण जिथे रंग बदलतो तिथे उजेडही बदलतो आणि कड उजेडाने धरून ठेवलेली असते.

आता आमची साडी घ्या. लालचे आकडे साधारण १९०, २०, ४० होते आणि पोपटाच्या हिरव्याचे २०, ११०, ५०. उजेड काढताना लाल घटकाला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ एवढं वजन देतात. हिशेब केला तर लाल अंगाचा उजेड येतो सुमारे ७३ आणि हिरव्या पोपटाचा ७६. डोळ्याला दोन टोकांचे वाटणारे हे रंग उजेडाच्या खात्यात जवळजवळ एकच आहेत! म्हणजे पोपटाची सगळी कड रंगाच्याच खात्यात होती, आणि तिथे चार पिक्सेलला एकच जागा. चोच एक-दोन पिक्सेलची, ती शेजारच्या लालात मिसळून गेली.

तुमच्या फोटोत हा धोका आहे का, ते आधीच कळू शकतं. फोटो कुठल्याही अॅपमध्ये कृष्णधवल करून बघा. जी नक्षी कृष्णधवलमध्ये नाहीशी होते, ती वेबपीत पुसट होणार. आमचे पोपट कृष्णधवल फोटोत जवळजवळ गायब झाले होते, जर मात्र उठून दिसत होती. जरीला काही झालं नाही आणि पोपटांना का झालं, त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

यावर पहिला इलाज `-sharp_yuv`.

```
cwebp -preset photo -q 80 -m 6 -sharp_yuv -metadata icc \
  paithani-1200.png -o paithani-1200.webp
```

रंगाची जागा चारात एकच राहते, पण ती भरताना साधी सरासरी न घेता, परत उलगडल्यावर कड मूळच्या सर्वात जवळ कशी येईल हे बघून उजेड आणि रंग दोन्ही पुन्हा पुन्हा जुळवले जातात. थोडा वेळ जास्त लागतो. माझी फाइल २९० केबीची २९८ झाली आणि चोच परत आली. मूळइतकी धारदार नाही, पण पोपट पोपट म्हणून ओळखू येऊ लागला. आठ केबीत एवढं मिळणं फार झालं. हेच क्वालिटी वाढवून करायला गेलो होतो तेव्हा २०० केबी जास्त देऊनही जमलं नव्हतं.

दुसरा इलाज म्हणजे पिक्सेल जास्त ठेवून क्वालिटी उतरवायची. १६०० रुंदीचा फोटो क्वालिटी ६५ ला केला तर रंगाच्या खात्यातही जागा वाढतात, आणि पडद्यावर लहान होऊन दिसताना विणीतला बिघाड झाकला जातो. फाइल थोडी मोठी होते. बोटांनी मोठा करून बघायच्या फोटोला मी असं करतो.

आणि काही वेळा वेबपी सोडून द्यावा. पदराचा अगदी जवळून घेतलेला एक फोटो होता, सगळीकडे लाल-हिरवी बारीक नक्षी. तो मी जेपीईजीच ठेवला, रंगाची वाटणी बंद करून:

```
magick padar-1200.png -sampling-factor 4:4:4 -quality 85 padar-1200.jpg
```

ही फाइल वेबपीपेक्षा मोठी आहे. पानावर तो एकच फोटो तसा आहे, आणि साडी घेणारी बाई नेमका तोच निरखते. तिथे केबी वाचवायचे नसतात.

एक गोष्ट इथेच सांगतो. फोनचा जेपीईजीही बहुधा रंग असाच वाटून साठवतो. मग मूळ फोटोत पोपट स्पष्ट कसा? कारण तिथे फोटो ३००० रुंद आहे, म्हणजे रंगाच्या १५०० जागा. आपण १२०० पर्यंत लहान केला की प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. पीएनजीपर्यंत तो शाबूत असतो, वेबपी होताना तो ६०० वर येतो.

मागची भिंत

भिंतीचं दुखणं उलटं आहे. तिथे तपशील काहीच नाही, फक्त उजेडाकडून सावलीकडे जाणारा हळुवार उतार. वेबपी उजेडासाठी ० ते २५५ हा पूर्ण पल्ला वापरत नाही, १६ ते २३५ एवढाच वापरतो. हीही व्हिडिओकडून आलेली सवय. उताराला पायऱ्या कमी मिळतात, वर दाबताना त्या आणखी कमी होतात, आणि भिंतीवर नकाशातल्या समोच्च रेषांसारखे पट्टे दिसू लागतात. संध्याकाळचं आभाळ, गालावरची सावली, साध्या पडद्यासमोर काढलेले फोटो यांत हे होतं. पडद्याची ब्राइटनेस पूर्ण वाढवून बघा, पट्टे असतील तर दिसतील.

मघाचा `-preset photo` यावर थोडा उपाय करतो. रंग बदलताना तो अगदी बारीक, डोळ्याला न जाणवणारे कण मिसळतो, म्हणजे पायरीची कड मोडते. पण `-sharp_yuv` लावलं की हे कण मिसळणं बंद होतं. आतली वाट एकच आहे, एक घेतलं की दुसरं सुटतं. म्हणून ‘चांगलं आहे ना, मग सगळीकडेच लावू’ असं `-sharp_yuv` बद्दल करू नका. कापडाच्या, फुलांच्या, रंगीत अक्षरांच्या फोटोला लावा, आभाळाच्या आणि रिकाम्या भिंतीच्या फोटोला लावू नका.

आमच्या फोटोत दोन्ही होतं. ज्या फोटोत साडी चौकट भरून होती तिथे `-sharp_yuv` ठेवलं. भिंत जास्त दिसणाऱ्या दोन फोटोंत ते काढलं आणि क्वालिटी ८६ केली. भिंतीत तपशील नसल्याने क्वालिटी वाढवूनही फाइल फार फुगत नाही, ते दोन्ही फोटो २०० केबीच्या आतच राहिले. पुढच्या वेळी फोटो काढायला गेलो तेव्हा मागे गुळगुळीत भिंतीऐवजी खरबरीत सुती चादर लावली. चादरीच्या विणीमुळे पट्टे पडायला जागाच उरली नाही.

अंधारात काढलेल्या फोटोंना तिसरीच गोष्ट लागते. मागावरच्या एका फोटोत सावल्यांमध्ये दाणेदार खरखर होती, आणि वेबपी प्रत्येक दाणा जपायला केबी घालवत होता. तिथे क्वालिटी ६८ पर्यंत उतरवली. खरखर थोडी गुळगुळीत झाली आणि फोटो उलट जास्त बरा दिसू लागला.

पानावर चढवताना

१२०० रुंदीची फाइल सगळ्यांना पाठवायची गरज नाही. ६०० ची एक प्रत त्याच पद्धतीने काढा, पीएनजी पुन्हा मूळ फोटोवरून बनवून. वेबपीवरून वेबपी कधी बनवू नका, बिघडलेलं आणखी बिघडतं. मग कुठली प्रत घ्यायची ते ब्राउझरवर सोपवा:

```html
<img src="paithani-1200.webp"
  srcset="paithani-600.webp 600w, paithani-1200.webp 1200w"
  sizes="(max-width: 700px) 100vw, 600px"
  width="1200" height="1600"
  alt="लाल पैठणी, काठावर हिरवे पोपट">
```

`width` आणि `height` लिहिलं की ब्राउझर फोटो यायच्या आधीच जागा राखून ठेवतो, वाचता वाचता पान खाली उडी मारत नाही. जुन्या ब्राउझरसाठी वेगळा जेपीईजी ठेवायचा का, असं विचारलं जातं. फायरफॉक्सला वेबपी २०१९ पासून आणि सफारीला २०२० पासून दिसतो. आयओएस १२ च्या पुढे न जाणारे आयफोन ६ सारखे फोन मुख्यतः उरतात. तुमच्याकडे असे लोक येत असतील तर `<picture>` वापरून जेपीईजी द्या, आम्ही दिला नाही.

वर्डप्रेसवाल्यांनी एक लक्षात घ्या. २०२१ च्या ५.८ आवृत्तीपासून वर्डप्रेस वेबपी घेतो, पण तुम्ही चढवलेली फाइल फक्त ठेवून देत नाही. त्यातून तो स्वतः लहान-मोठ्या प्रती बनवतो, वेबपीला ८६ क्वालिटीने. म्हणजे तुम्ही ८० ला दाबलेला फोटो तो पुन्हा दाबतो, आणि पानावर बहुतेक वेळा त्याचीच प्रत दिसते. तुमचं `-sharp_yuv` तिथे वाया जाऊ शकतं. वर्डप्रेसला मी १६०० रुंदीची फाइल क्वालिटी ९० ला देतो, म्हणजे त्याने पुन्हा दाबली तरी निभावते. जो फोटो अगदी जपायचा असतो त्याला ब्लॉकच्या सेटिंगमध्ये ‘पूर्ण आकार’ निवडतो. मात्र फोटोची कुठलीही बाजू २५६० पिक्सेलपेक्षा मोठी असेल तर वर्डप्रेस तिथेही आपणच लहान केलेली प्रत लावतो.

शेवटी पान खरंच काय उतरवतंय ते बघा. क्रोममध्ये एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये ‘Img’ निवडा आणि पान पुन्हा उघडा. फाइलीचं नाव, प्रकार आणि केबी तिथे दिसतात. पहिल्या वेळी मला तिथे फोनवरच्या भेटीतही १२०० चीच फाइल दिसली. `sizes` लिहायचं राहिलं होतं म्हणून असेल असं आधी वाटलं, पण ते दाट पडद्यामुळे होतं आणि बरोबरच होतं. साध्या पडद्याच्या कॉम्प्युटरवर ६०० ची येत होती. त्या साडीचं पान आता साधारण दोन एमबीत उघडतं. काकूंनी फोन हातात घेऊन साडी शेजारी धरली, काठ बोटांनी मोठा केला आणि पोपट मोजले.